गुडइयर वेल्टचे काळे डर्बी बूट: ठाणे ते ऐरोली, दहा महिन्यांनंतर

आठवड्याचे पाच दिवस ठाणे-ऐरोली लोकल, त्यात एक अख्खा पावसाळा. एवढ्या वापरानंतर या बुटांचं बदलावं लागलं ते फक्त टाचेखालचं रबर.

वरचं चामडं फुल ग्रेन आहे. बोटांच्या मागे जिथे बूट वाकतो तिथे मऊ वळ्या पडल्या आहेत, पण भेग नाही. करेक्टेड ग्रेनमध्ये वरचा थर घासून त्यावर रंगाचा लेप देतात. तो नवा असताना जास्त चकचकीत दिसतो आणि पुढे याच वळीवर तडकतो. तडकलेला लेप पॉलिशनं झाकता येतो, भरून येत नाही. दुकानात वरचा भाग अंगठ्यानं दाबून पाहा: बारीक, अनियमित सुरकुत्या पडल्या तर चांगलं, प्लास्टिकसारखी एकच जाड घडी पडली तर लेप जाड आहे.

झिजलेला सोल बदलता येईल, म्हणजे रीसोल होईल की नाही, हे मात्र शिलाईवर ठरतं. गुडइयर वेल्टमध्ये वरचं चामडं आणि आतला तळ कडेच्या चामडी पट्टीला, म्हणजे वेल्टला, शिवतात आणि बाहेरचा सोल वेगळ्या टाक्यानं त्या पट्टीला. म्हणून जुना सोल उसवून, आतला कॉर्क नव्यानं भरून, नवा सोल शिवता येतो आणि वरच्या चामड्याला सुई लागत नाही. नुसत्या चिकटवलेल्या बुटांवरही शोभेची शिलाई असते, तेव्हा फसू नका. बूट उलटा करा: कडेवरचे टाके खाली सोलच्या खाचेत उतरलेले दिसले तर शिलाई खरी. चामडी सोलमध्ये ही खाच कधी झाकलेली असते, तिथे विक्रेत्याला स्पष्ट विचारा. चिकटवलेल्या पीयू सोलची इथल्या दमट हवेत आणखी एक अडचण आहे: तो कपाटात पडूनही काही वर्षांत भुगा होतो.

आपल्याकडे शिवलेला रबरी सोलच घ्या. चामडी सोल पाणी पितो आणि ओल्या फलाटावर घसरतो. भिजलेल्या जोडीत वर्तमानपत्राचे बोळे भरून ती पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायर नको. पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात. पावसाळ्यात दुसरी जोडी हवी ती यासाठीच.

टाचेची बाहेरची कड आधी झिजते. रबर संपून वरच्या थरांना घासायच्या आत ते बदला. हे काम स्टेशनबाहेरचा कारागीरही नीट करतो. पूर्ण सोल मात्र त्याच्याकडे देऊ नका: कडा सारख्या करायला तो ग्राइंडर लावतो, त्यात वेल्टचे टाके कापले गेले तर पुढचं रीसोलच अवघड होतं.

इंग्लंडचा Loake आणि अमेरिकेचा अॅलन एडमंड्स हे ब्रँड आपले वेल्टेड बूट रीसोल करून देतात, पण इथून जाण्यायेण्याचं कुरिअर आणि कस्टम धरा. चेन्नईचा ब्रिडलेनही गुडइयर वेल्ट बनवतो. कोणताही ब्रँड घ्या, रीसोलचा दर, लागणारे दिवस आणि पाठवणीचा खर्च कुणाचा, हे पैसे देण्याआधी ईमेलवर लेखी घ्या.