आधी पेरावं की आधी कापावं?

कथेचा शेवट वाचून कुणी “हे अचानक कुठून आलं?” असं विचारलं, की दुसऱ्या खर्ड्यात दोन कामं समोर येतात: शेवटाची चाहूल आधी पेरायची आणि कुठेच न पोचणारे तपशील कापायचे. करावी दोन्ही लागतात. आधी कोणतं, एवढंच ठरवायचं असतं.

पेरणीच्या बाजूने बोलायला ‘शाकुंतल’ पुरेसं आहे. ज्या अंगठीवर पुढे सगळं नाटक फिरतं, ती पहिल्याच अंकात येते. झाडांना पाणी घालण्याचं शकुंतलेवरचं ऋण फेडायला दुष्यंत ती काढून देतो आणि मुद्रेवरचं नाव वाचून सख्या एकमेकींकडे बघतात. अंगठीला तिथे त्या क्षणाचं स्वतःचं काम आहे, म्हणून ती पेरलेली वाटत नाही.

मीही आधी पेरलंच होतं. माझ्या कथेत शेवटी आजोबा रात्री कोठीच्या खोलीत अडकतात, कारण दार लोटलं गेलं की बाहेरची कडी आपसूक पडते. कडीचा उल्लेख मी तीन ठिकाणी घातला. आधी “अचानक” म्हणणारा मित्र आता म्हणाला, “दुसऱ्या पानावरच कळलं.” वर त्याने विचारलं, “काकांच्या त्या पत्रात काय होतं?” पत्रात काहीच नव्हतं. दुबईहून आलेलं ते न फोडलेलं पाकीट मी घराला जिवंतपणा यावा म्हणून ठेवलं होतं, आणि तो शेवटपर्यंत ते फुटायची वाट बघत होता.

मला सगळ्यात जाचलं ते हे: गच्च भरलेल्या पानात बी हरवतं, म्हणून आपण ते ठळक करतो, आणि ठळक केलं की ते उघडं पडतं.

मग पेन्सिल घेतली. एका वाक्याहून जास्त जागा खाणाऱ्या प्रत्येक तपशिलापाशी दोन प्रश्न लिहिले: या पानावर याचं काम काय? पुढे हा कुठे परततो? दोन्हींचं उत्तर कोरं राहिलं ते काढलं. पत्र गेलं, बंद घड्याळ गेलं. कडी पुढे परतत होती, पण त्या पानांवर तिला स्वतःचं काम नव्हतं, म्हणून तिचे तिन्ही उल्लेखही गेले. उरलेल्या जागेत एकच गोष्ट घातली. पुरणावरून सुनेशी वाद चालू असताना आजी गूळ आणायला कोठीत जाते आणि जाताना दाराशी वरवंटा आडवा ठेवते. का, ते कुणी सांगत नाही. पुढे मिक्सर येतो आणि पाटा-वरवंटा परसात जातो.

कापणीला मर्यादा आहे, हे मान्य. पान फार मोकळं केलं तर उरलेली एकुलती एक वस्तू बोट दाखवल्यासारखी दिसते. म्हणून भांडणातलं पुरण, सुनेचा गप्प राग, यांना मी हात लावला नाही. त्यांना त्याच पानावर काम होतं. रहस्यकथा लिहिणाऱ्यांना तर चकवा देणारे तपशील लागतातच, त्यांचा हिशेब वेगळा असेल.

तरी माझ्यापुरतं विचाराल, तर मी आता कापल्याशिवाय पेरत नाही. नवा खर्डा दुसऱ्या एका मैत्रिणीला अर्धाच वाचायला दिला आणि “आता कशाची वाट बघते आहेस?” असं विचारलं. ती म्हणाली, सून बोलेल कधी याची. वरवंट्याचं नाव तिने घेतलं नाही. उरलेला भाग वाचताना, आजोबा कंदील घेऊन कोठीकडे निघाले तिथे मात्र ती थांबली आणि मागचं पान उलटून बघू लागली.