साध्या गेटांपासून बांधलेला दशमान गणक आणि सेव्हन सेगमेंट डिकोडर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालय विभागात द्विलक्षी अभ्यासक्रमाची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा आहे. तेथे शून्य ते नऊ मोजणारा गणक अनेक वर्षे ७४९० आणि ७४४७ या दोन तयार आयसींवर दाखवला जात असे. प्रयोग दहा मिनिटांत संपत असे आणि आकडा नेमका कसा उमटतो, हा प्रश्न कोणाला पडतही नसे. म्हणून या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आम्ही ॲंड आणि ऑर गेटांपासून डिकोडर बांधला, त्याला चार जेके फ्लिप-फ्लॉपांचा गणक जोडला आणि जूनपासून फेब्रुवारीपर्यंत तो बारावीच्या प्रात्यक्षिकांत वापरला. पुढील मजकूर त्या जोडणीविषयी आहे.

फ्लिप-फ्लॉपही गेटांपासून बांधावेत का, याचा विचार आधी झाला. एका मास्टर-स्लेव्ह फ्लिप-फ्लॉपला आठ-नऊ नॅंड गेट लागतात, म्हणजे चारांना तीसहून अधिक. एवढ्या तारांमध्ये विद्यार्थ्याचे लक्ष गणकावर राहत नाही. त्यामुळे असा एकच फ्लिप-फ्लॉप वेगळ्या पाटीवर बांधून दाखवावा आणि गणकासाठी दोन ७४७६ घ्यावेत, असे ठरले. सर्व जे आणि के टोके पाच व्होल्टला जोडली, पहिल्या फ्लिप-फ्लॉपला स्पंद दिले आणि प्रत्येकाचे क्यू टोक पुढच्याच्या क्लॉकला नेले. यात A सर्वांत कमी वजनाचा, म्हणजे १ चा, आणि D हा ८ चा.

७४७६ विषयी एक सावधगिरी येथेच नोंदवतो. त्याचा धन पुरवठा ५ क्रमांकाच्या पायाला आणि ग्राउंड १३ क्रमांकाच्या पायाला असते. इतर गेटांच्या सवयीने कोपऱ्यांतील पायांना पुरवठा जोडणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतोच, आणि आयसी हाताला चटका देईपर्यंत तापते. आम्ही आता ब्रेडबोर्डवर त्या दोन जागी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

डिकोडरची समीकरणे के-मॅपवरून काढली. १० ते १५ या सहा अवस्था गणकात कधी येणारच नाहीत, असे गृहीत धरून त्यांना ‘डोन्ट केअर’ मानले. सहाला वरची आणि नऊला खालची रेघ ठेवली. पुढील समीकरणांत खूण ' म्हणजे उलट मूल्य.

```
a = D + B + CA + C'A'
b = C' + BA + B'A'
c = C + B' + A
d = D + C'A' + C'B + BA' + CB'A
e = C'A' + BA'
f = D + B'A' + CB' + CA'
g = D + C'B + BA' + CB'
```

कागदावर ही सात वेगवेगळी समीकरणे दिसतात, परंतु बांधणीत त्यांची टोके एकमेकांत गुंतलेली आहेत. C'A' हे पद a, d आणि e या तिघांना लागते. BA' हे d, e आणि g यांना, तर CB' हे f आणि g यांना लागते. शिवाय त्याच CB' ला A जोडले की d चे पाचवे पद तयार होते. अशा प्रकारे सर्व गुणाकार नऊ ॲंड गेटांत बसतात. बेरजांमध्येही e चे उत्तर तसेच d मध्ये वापरता येते आणि D + CB' ही बेरीज f व g यांच्यात वाटून घेता येते, त्यामुळे दोन टोकांची सोळा ऑर गेटे पुरतात. म्हणजे तीन ७४०८ आणि बरोबर चार ७४३२. उलट मूल्ये फ्लिप-फ्लॉपच्या क्यू-बार टोकांवर आयतीच मिळतात, म्हणून नॉट गेटाची आयसी लागतच नाही. नऊची खालची रेघ सोडली असती तर एक ऑर गेट शिल्लक राहिले असते, पण मुलांना वहीत लिहिण्यासारखा नऊ हवा होता आणि तो हट्ट मला योग्य वाटला.

७४ एलएस मालिकेतील गेट प्रवाह ओढून घेऊ शकते, पण बाहेर ढकलताना फार दुबळे पडते. उच्च पातळीवर त्याची हमी ०.४ मिलिअँपिअरपुरतीच असते. त्यामुळे डिस्प्ले थेट गेटावर लावला तर आकडा अंधूक दिसतो आणि पुढच्या गेटाला मिळणारी पातळीही ढासळते. आम्ही कॉमन ॲनोड डिस्प्ले घेतला, प्रत्येक रेघेसाठी एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला १० किलोओहम आणि रेघेच्या मार्गात ३३० ओहम रोध लावला. सामाईक टोकाला एकच रोध लावून सहा रोध वाचवण्याचा मोह आवरावा, कारण तसे केल्यास दोन रेघांचा १ ठळक आणि सात रेघांचा ८ फिकट दिसतो. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. तेथे हे सारे सहज मिळते.

आता ज्या भागाने वर्षभर सर्वाधिक शिकवले, त्याकडे वळतो. गणक दहावर पोहोचताच त्याला शून्यावर आणायचे असते. दहा म्हणजे १०१०, म्हणजे B आणि D दोन्ही एक. पुस्तकी पद्धत अशी की या दोघांना एका नॅंड गेटातून नेऊन त्याचे उत्तर चारही फ्लिप-फ्लॉपांच्या क्लिअर टोकांना द्यावे. आमच्या पाटीवर हे कधी चाले, कधी चालत नसे. काही दिवस गणक ९ नंतर ० ऐवजी ८ वर येई आणि पुढे ८, ९, ८, ९ असाच फिरत राही.

कारण या लक्षणातच दडलेले आहे. क्लिअरचा स्पंद B आणि D दोन्ही एक असतात तेवढाच काळ टिकतो. B जर D पेक्षा काही नॅनोसेकंद आधी शून्य झाला, तर नॅंडचे उत्तर लगेच मागे फिरते आणि D पुसला जाण्याआधीच स्पंद संपतो. उरते १०००, म्हणजे आठ. उलट D आधी पुसला गेला तर ००१० उरते आणि ९ नंतर २ दिसतो. म्हणून ९ नंतर कोणता आकडा येतो, यावरून कोणता फ्लिप-फ्लॉप चपळ आणि कोणता मंद, हे सांगता येते. दोन ७४७६ वेगवेगळ्या उत्पादकांच्या असतील तर हा प्रकार अधिक संभवतो. त्या एकाच बनावटीच्या घेतल्यावर आमच्याकडे तो कमी झाला, पण पूर्ण थांबला नाही.

कायमचा उपाय दोन नॅंड गेटांच्या लॅचने झाला. B आणि D यांच्या नॅंडने लॅच भरते आणि तिचे उत्तर क्लिअरला जाते. लॅच रिकामी करण्याचे काम उलट केलेल्या क्लॉकला दिले. गणक क्लॉकच्या उतरत्या कडेवर पुढे सरकतो, त्यामुळे दहा आल्यावर क्लॉक खाली असते; ते पुन्हा वर जाईपर्यंत क्लिअर धरून ठेवले जाते आणि सर्व फ्लिप-फ्लॉपांना पुरेसा वेळ मिळतो. एक गेट ओळखण्यासाठी, दोन लॅचसाठी आणि एक क्लॉक उलटवण्यासाठी, असा एका ७४०० मधील चारही गेटांचा उपयोग होतो. ही दुरुस्ती झाल्यापासून ९ नंतर ० सोडून दुसरे काही दिसलेले नाही.

दुसरी अडचण अधिक फसवी होती. वीज सुरू करताच कधी कधी डिस्प्लेवर ९, मग ५, मग ० दिसे आणि त्यानंतर मोजणी सुरळीत चाले. विद्यार्थ्यांनी डिकोडरमध्ये तार सुटली असावी असे समजून सातही समीकरणे पुन्हा तपासली. डिकोडर निर्दोष होता. वीज येताच फ्लिप-फ्लॉप कोणत्याही अवस्थेत उभे राहू शकतात, आणि त्या वेळी गणक १२ वर, म्हणजे ११०० वर उभा राहत होता. ही अवस्था वरील समीकरणांत घालून पाहावी: e सोडून सर्व रेघा लागतात आणि नऊ दिसतो. पुढची अवस्था ११०१. तिच्यात b आणि e विझतात आणि पाच दिसतो. त्यानंतरची १११० येताच B आणि D दोन्ही एक होतात, लॅच भरते आणि गणक शून्यावर येतो.

‘डोन्ट केअर’ची किंमत येथे कळते. ते घेतल्याने गेटे वाचतात, परंतु ११, १२ आणि १५ या तिन्ही अवस्था हुबेहूब नऊसारख्या, १३ पाचासारखी आणि १४ सहासारखी दिसते. केवळ दहाच, c रेघ नसलेल्या अर्धवट आठामुळे, संशयास्पद दिसतो. म्हणजे गणक बिघडला तरी डिकोडर तो बिघाड सभ्य आकड्याखाली झाकून टाकतो. ४५११ ही तयार आयसी अशा सहाही अवस्थांत डिस्प्ले विझवते, त्यामुळे तेथे बिघाड निदान दिसतो. आम्ही समीकरणे बदलली नाहीत. त्याऐवजी पाच व्होल्टपासून एक किलोओहम रोध आणि लाल एलईडी अशी जोडी प्रत्येक क्यू-बार टोकाला लावली. क्यू एक झाला की क्यू-बार खाली येतो, एलईडी लागतो आणि गणकाची खरी अवस्था आकड्याच्या शेजारी वाचता येते. डिस्प्लेवर नऊ आणि एलईडींवर ११०० असे एकाच वेळी पाहिल्यावर दोष कोणत्या बाजूला आहे, याचा वाद उरत नाही. वीज येताच गणक पुसणारा रोध-कपॅसिटर तिसऱ्या ७४०८ मधील शिल्लक गेटातून क्लिअरला जोडता येतो. तो आम्ही मुद्दाम काढता येण्याजोगा ठेवला आहे, कारण या प्रयोगाचा अर्धा अर्थ त्या ९-५-० मध्ये आहे.

टिकाऊपणाविषयी थोडक्यात सांगायचे तर, ब्रेडबोर्डवरील पूर्ण डिकोडर पावसाळ्यातच तापदायक झाला. सोळा ऑर गेटांच्या तारांपैकी एखादी सैल होई आणि एलएस गेटाचे अधांतरी टोक एक असल्यासारखे वागत असल्याने रेघ विझण्याऐवजी कायम पेटलेली राही. दिवाळीनंतर डिकोडर आयसी सॉकेटांसह झाळकाम केलेल्या पाटीवर हलवला आणि प्रत्येक आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला. गणक आणि लॅच मात्र ब्रेडबोर्डवरच ठेवले आहेत, कारण विद्यार्थ्यांनी हात घालायचा तो भाग हाच. हाताने स्पंद देण्याच्या बटणाला नॅंड लॅच लावणे आवश्यक आहे. तिच्याविना एका दाबात गणक दोन-तीन घरे उडी घेतो.

दशक स्थानाचा आकडाही नंतर जोडला. D शून्यावर येताना पडणारी कड दुसऱ्या गणकाच्या क्लॉकला दिली की काम होते. मात्र आणखी सात आयसींचा डिकोडर बांधण्याइतका वेळ नव्हता, म्हणून तेथे ७४४७ लावली. तिच्या सहाला वरची आणि नऊला खालची रेघ नसते. त्यामुळे ६६ आणि ९९ आल्यावर शेजारीशेजारी दोन निराळ्या घडणीचे आकडे दिसतात, आणि तोंडी परीक्षेत आता a चे समीकरण सहासाठी कसे बदलावे लागेल, हा प्रश्न विचारला जातो. B च्या जागी BA लिहावे लागते. ते पद b साठी आधीच तयार असल्याने एकही जादा गेट लागत नाही.