‘प्रोप्रायटरी ब्लेंड’वाले प्री-वर्कआउट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले काही महिने मी एका अमेरिकी कंपनीचे प्री-वर्कआउट व्यायामापूर्वी घेत आहे. चव बरी आहे आणि पाण्यात गुठळ्या होत नाहीत. मला लिहायचे आहे ते लेबलाविषयी. त्यावर ‘प्रोप्रायटरी ब्लेंड, ६ ग्रॅम’ असे छापून खाली सिट्रुलीन मॅलेट, बीटा-अलानीन, क्रिएटीन, टॉरीन आणि कॅफीन ही पाच नावे दिली आहेत; कोणते किती, हे कुठेही नाही. अमेरिकेच्या नियमांत हे बसते. तिथे मिश्रणाचे एकूण वजन सांगावे लागते आणि घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, पण प्रत्येकाचे वजन गुप्त ठेवता येते.

मात्र हा क्रमच बरेच काही सांगून जातो. क्रिएटीन तिसरे आहे, म्हणजे त्याच्या आधीचे दोन्ही घटक निदान त्याच्याइतके तरी असणारच. त्यामुळे ते ६ ग्रॅमच्या एक-तृतीयांशाहून, म्हणजे २ ग्रॅमहून, अधिक असू शकत नाही, आणि तेवढे असायलाही टॉरीन व कॅफीन शून्य धरावे लागतील. क्रिएटीनची रोजची नेहमीची मात्रा ३ ते ५ ग्रॅम असते. याच हिशेबाने दुसऱ्या क्रमांकाचे बीटा-अलानीन ३ ग्रॅमच्या आतच राहते, तर अभ्यासांत ते साधारण ३.२ ग्रॅमपासून पुढे दिले जाते. सिट्रुलीन मॅलेट अभ्यासांतल्याप्रमाणे ६ ते ८ ग्रॅम घातले असते, तर बाकी चौघांना जागाच उरली नसती.

तरीही ‘काम करते’ असे वाटते, कारण घेतल्यावर चेहऱ्यावर आणि हातांवर मुंग्या येतात. त्या बीटा-अलानीनच्या असतात आणि एका वेळी ग्रॅमभरानेही येऊ शकतात, त्यामुळे मात्रा पुरेशी असल्याचा तो पुरावा नव्हे.

कॅफीनपाशी मात्र हा हिशेब हात टेकतो. पाचव्या घटकाची कमाल मर्यादा १.२ ग्रॅम निघते आणि तिचा काहीही उपयोग नाही, कारण युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निरोगी प्रौढांसाठी एका वेळी २०० आणि दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅफीन सुरक्षित मानले आहे. संध्याकाळी पूर्ण स्कूप घेतल्यावर मला उशिरापर्यंत झोप येत नसे. अर्ध्या स्कूपवर येते. कंपनीला ईमेलने विचारले, तर सूत्र गोपनीय असल्याचे उत्तर आले. बाकीचे सूत्र खुशाल झाकावे, कॅफीन झाकण्याचे समर्थन मला पटत नाही.

माझ्या व्हे पावडरच्या डब्यावरही ‘प्रोटीन ब्लेंड’ आहे, पण तिथे एकूण प्रथिने छापलेली असल्याने तक्रार सौम्य आहे. फक्त घटकांत ग्लायसीन किंवा टॉरीन दिसले तर मी तो डबा घेत नाही, कारण प्रथिनांचा आकडा सहसा नायट्रोजन मोजून काढतात आणि ही स्वस्त अमिनो आम्लेही त्यात प्रथिने म्हणून गणली जातात.

हे प्री-वर्कआउट संपल्यावर मी साधे क्रिएटीन मोनोहायड्रेट वेगळे घेणार आहे आणि व्यायामाआधी कॉफी पिणार आहे.