सेंद्रिय तूरडाळ दहा महिने वापरल्यानंतर: शिक्का कशाची हमी देतो, कशाची नाही

गेल्या फेब्रुवारीत आमच्याकडे साधी तूरडाळ आणणं बंद केलं. घरात सहा माणसं आणि वरण रोजचं, म्हणजे महिन्याला चार-साडेचार किलो डाळ लागते. निम्मी डाळ नागपुरातल्या धरमपेठेतल्या दुकानातून पाकीटबंद घेतली, निम्मी रविवारच्या सेंद्रिय बाजारातून सुटी. साध्या डाळीपेक्षा किलोमागे सत्तर-ऐंशी रुपये जास्त जात होते. एवढे पैसे आपण नेमके कशाचे देतो, हे कळायला मला बरेच महिने लागले. भाजी आणि गहूही अधूनमधून घेतले, पण खरा अनुभव डाळीचा आहे, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

आधी पाकिटाबद्दल. त्यावर हिरवी ‘जैविक भारत’ खूण होती, शेजारी ‘इंडिया ऑर्गॅनिक’चं चिन्ह, प्रमाणन संस्थेचं नाव आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ‘सेंद्रिय’ म्हणून विकायच्या मालाला दोनपैकी एक प्रमाणन लागतं. पहिलं एनपीओपी. ते अपेडा ही केंद्राची शेतमाल निर्यात संस्था चालवते आणि त्यात बाहेरची संस्था शेताची तपासणी करते. दुसरं पीजीएस. ते कृषी मंत्रालयाचं आहे आणि त्यात गटातले शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. त्याचं एक प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. यातल्या कोणत्याही पद्धतीत तुमच्या हातातल्या पाकिटातली डाळ कोणी तपासलेली असेलच असं नाही. तपासलं जातं ते शेत, आणि शेतकऱ्याची वही: काय पेरलं, बियाणं कुठून आणलं, काय फवारलं, किती पिकलं.

हे मला पहिले सात-आठ महिने उमगलं नव्हतं. शिक्का म्हणजे डाळीत औषधाचा कणही नाही, अशीच माझी समजूत होती.

समजूत बदलली ती नवरात्राच्या सुमारास. बाजारात ज्यांच्याकडून डाळ घेते त्या दादांना म्हटलं, एकदा शेत दाखवा. ते लगेच हो म्हणाले. हिंगण्याच्या पुढे त्यांची चार एकर आहे, त्यातल्या दोन एकरांत तूर. आमच्याकडे तूर बहुतेक पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासांमधून, ओळींमधूनच घेतात. यांनी मात्र कपाशी सोडून दिलेली. कारण सरळ होतं. बाजारात मिळणारं कपाशीचं बियाणं जवळपास सगळं बीटी, आणि सेंद्रिय प्रमाणनात जनुकीय बदल केलेलं बियाणं चालत नाही. पण धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे शेजाऱ्याची पऱ्हाटी छातीएवढी वाढलेली, आणि आम्ही उभे असतानाच तिकडे पाठीवरचा पंप घेऊन एक माणूस फवारत होता. वारा आमच्याकडे होता. वास आला.

मी दादांकडे पाहिलं. ते म्हणाले, “ताई, धुऱ्याकडचे सहा तास मी वेगळेच कापतो. ते कळमना मार्केटला जातात, साध्या तुरीच्या भावानं. बाकीचं घरी भरडतो.”

प्रमाणनाच्या भाषेत त्या पट्ट्याला बफर म्हणतात. सहा ओळींनी फवाऱ्याचा बराचसा उडता अंश अडतो, पण वाऱ्याला कोणी लक्ष्मणरेषा आखून दिलेली नाही. त्यातून हमी मिळते ती एवढीच, की या शेतकऱ्यानं स्वतः रासायनिक औषध मारलं नाही आणि शेजाऱ्याचं येऊ नये म्हणून जागा सोडली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली होती. त्या धुऱ्यावर उभी असताना मला ती आठवली. पंप पाठीवर घेणाऱ्यासाठी ही हमी फार मोठी आहे. ताटात बसणाऱ्यासाठी ती वेगळी आहे आणि थोडी दुरून येते.

सेंद्रिय म्हणजे बिनफवारणीचं, हाही माझा गैरसमज होता. फुलोऱ्यापासून शेंगा पोखरणारी अळी येते, आणि तिला सोडून दिलं तर हातात काही उरत नाही. दादा पाच टक्के निंबोळी अर्क मारतात: पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, सकाळी गाळून शंभर लिटर पाणी करायचं. ते नियमात बसतं. घरच्या घरी, कष्टानं केलेलं आहे, पण फवारणी ती फवारणीच.

तिथून निघताना मी प्रमाणपत्र पाहायला मागितलं. हीच गोष्ट मी फेब्रुवारीत करायला हवी होती. कागद पीजीएसचा होता, गटाच्या नावाचा, खरा आणि मुदतीतला. पण त्यावर ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ लिहिलेलं होतं. ग्रीन म्हणजे शेत अजून रूपांतराच्या काळात आहे: रसायन बंद केलंय, पण ठरलेला काळ पुरा झालेला नाही. तो पुरा झाल्यावर ‘पीजीएस-इंडिया ऑर्गॅनिक’ मिळतं. एनपीओपीतही तुरीसारख्या हंगामी पिकाला पेरणीआधीची दोन वर्षं द्यावी लागतात. दादांनी लपवलं काहीच नव्हतं. मी विचारलं नव्हतं. स्टॉलवरच्या पाटीवर मात्र ‘सेंद्रिय तूरडाळ’ एवढंच होतं, आणि ते बरोबर नव्हतं. ग्रीन कागदावर सेंद्रिय म्हणून माल विकता येत नाही.

त्याच कागदावर पिकाचं क्षेत्र होतं, दोन एकर. घरी येऊन मी हिशोब मांडला. एकरी पाच क्विंटल धरली तर दहा क्विंटल तूर. भरडल्यावर शंभर किलोला सत्तरच्या आसपास डाळ पडते, म्हणजे सातशे किलो. स्टॉलवर दर रविवारी तीसेक किलो जाते, हे त्यांनीच सांगितलेलं. सातशेला तीसनं भागलं तर तेवीस रविवार. फेब्रुवारीत सुरू केलेली डाळ जुलैच्या मध्यात संपायला हवी होती, आणि आम्ही ऑक्टोबरमध्येही तीच घेत होतो.

पुढच्या रविवारी स्पष्ट विचारलं. राग न धरता त्यांनी सांगितलं, की जुलैपासून गटातल्या आणखी दोघांची डाळ यात येते. एकाचा कागद त्यांच्या फोनमध्ये होता, दुसऱ्याचा नव्हता. मला तो माणूस खोटा वाटला नाही, अजूनही वाटत नाही. पण सुट्या मालाची साखळी नेमकी इथेच तुटते, आणि ती तुटली हे डाळीकडे पाहून कोणालाही कळणार नाही. एनपीओपीत प्रत्येक व्यवहाराला वेगळं प्रमाणपत्र निघतं, त्यामुळे दोन एकरांवर दहा एकरांचा माल खपवणं अवघड जातं. पीजीएस मुळात शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाइकाला विकावं यासाठी आहे. मधे दुसऱ्याचं पोतं आलं की कागद मागावा लागतो. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेला लहान शेतकरी थेट विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, हेही खरं. पण मग त्याला जैविक भारतची खूण लावता येत नाही. आणि ‘विषमुक्त’, ‘केमिकल-फ्री’, ‘गावरान’ या शब्दांमागे कोणताच कागद नसतो.

एवढं झाल्यावर मी दोन्ही डाळी तपासायला दिल्या. अर्धा-अर्धा किलोचे नमुने होते आणि खर्च बराच आला, दर महिन्याला करण्यासारखी गोष्ट नाही. पाकिटातल्या डाळीत यादीतलं एकही कीटकनाशक मोजण्याच्या पातळीवर आलं नाही. बाजारातल्या डाळीत कपाशीवर मारतात त्या एका औषधाचा अंश निघाला, किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम.

माझी पहिली प्रतिक्रिया घाबरण्याचीच होती. मग अहवाल शांतपणे वाचला. ‘आढळलं नाही’ याचा अर्थ शून्य असा नाही. बहुतेक औषधं किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत मोजता येतात, म्हणजे शंभर टन डाळीत एक ग्रॅम. त्याखाली काही असलं तरी अहवालात दिसत नाही. सेंद्रिय मालाला कायदाही शून्य मागत नाही. साध्या मालाला जी मर्यादा आहे तिच्या पाच टक्के, किंवा मोजता येणारी किमान पातळी, यातलं जे जास्त ते सेंद्रियाला चालतं. समजा एखाद्या औषधाला साध्या डाळीत ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तर सेंद्रिय डाळीत ०.०२५ पर्यंत चालेल. अहवाल आणखी एक गोष्ट सांगत नाही: हा अंश धुऱ्यावरून उडून आला, की कागद नसलेल्या तिसऱ्याच्या पोत्यातून. त्याचं उत्तर फक्त शेताच्या वहीत सापडू शकतं.

यादीही पाहायला हवी. प्रयोगशाळा एकाच चाचणीत शेकडो औषधं शोधते, पण ग्लायफोसेट त्या चाचणीत येत नाही. त्याला वेगळी पद्धत लागते आणि वेगळे पैसे. ‘चोर बीटी’वर, म्हणजे परवानगी नसलेल्या बीटी कपाशीवर, तेच तणनाशक मारतात, त्यामुळे आमच्या भागात त्याची आठवण ठेवलेली बरी. मी ती चाचणी केली नाही, म्हणून त्याबद्दल मला काही म्हणता येत नाही.

साठवणीचा अनुभव जाता जाता. ऑगस्टमध्ये पाकिटातल्या डाळीला भुंगे लागले. सासूबाई म्हणाल्या, “किडा लागला म्हणजे खरी सेंद्रिय.” मलाही तसंच वाटलं होतं. पण किड्याला शिक्का वाचता येत नाही. सेंद्रिय गोदामात सल्फासच्या गोळ्यांची धुरी देता येत नाही, म्हणून किडा लागण्याची शक्यता वाढते एवढंच. ओलसर डब्यात ठेवलेली साधी डाळही तितकीच किडते. आता डाळ आणली की उन्हात दोन दिवस वाळवते, एरंडेलाचा हात फिरवते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरते. पावसाळ्यात दोन किलोंच्या वर आणत नाही.

चवीबद्दल सगळे विचारतात. बाजारातल्या डाळीचं वरण खरंच चांगलं होतं, दाट आणि गोडसर. पण ती ताजी भरडलेली, बिनपॉलिशची होती. पाकिटातली सेंद्रिय डाळ शिजायला जास्त वेळ घेई. पाकिटावरची तारीख पाहिली तर भरून सात महिने झालेले. वाण, भरडणं आणि डाळीचं वय यांनी चव ठरते, आणि शिक्का यातल्या कशाबद्दलच बोलत नाही. जास्त पोषण असल्याचंही तो सांगत नाही.

सध्या पाकीट घेते ते दोन्ही चिन्हं, प्रमाणन संस्थेचं नाव आणि भरल्याची तारीख पाहून. दादांची डाळ सोडलेली नाही. नव्या हंगामाची तूर जानेवारीत निघेल तेव्हा वर्षाची पंचवीस किलो एकदम त्यांच्याच दोन एकरांतली घेणार आहे, दुसऱ्या कोणाचं पोतं मिसळण्याआधी. पैसे आधी दिलेत. त्यांनी पाटीही बदलली आहे. आता खडूनं ‘रूपांतर काळातील’ असं लिहिलेलं असतं, आणि किलोमागे वीस रुपये कमी घेतात.