प्रिसिजन रेक्टिफायर, सात महिने वापरल्यानंतर: १० मिलिव्होल्टवर तो कुठे फसवतो

हातातल्या साध्या मल्टीमीटरची एसी रेंज काहीशे हर्ट्झनंतर भरवशाची राहत नाही. स्कोपवर १० मिलिव्होल्टची लाट दिसते खरी, पण नॉइजमुळे रेषा इतकी जाड होते की तिची उंची मोजताना अंदाजच करावा लागतो. मला मायक्रोफोन प्रीअँपच्या पहिल्या टप्प्याचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढायचा होता, आणि तिथे सिग्नल १० मिलिव्होल्ट पीकच्या आसपास होता. म्हणून ऑप-अँपवाला प्रिसिजन रेक्टिफायर बनवला. एसी आत, डीसी बाहेर, आणि तो डीसी मल्टीमीटरवर वाचायचा. सात महिने तो टेबलावर जवळजवळ रोज चालू आहे, म्हणून आता लिहितोय.

नुसता डायोड इथे का चालत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. १एन४१४८ नीट वाहायला ०.६ व्होल्ट लागतात. आपल्याकडे १० मिलिव्होल्ट आहेत, म्हणजे डायोडला काही जाणवतच नाही. ऑप-अँप ही अडचण सोडवतो, कारण फीडबॅक डायोडच्या पुढून घेतलेला असतो. आउटपुटला हवा तो व्होल्टेज मिळेपर्यंत ऑप-अँप आपला पाय आणखी ०.६ व्होल्टने वर किंवा खाली ढकलतो आणि डायोडचं देणं स्वतःच्या खिशातून भरतो. इनपुटच्या बाजूने पाहिलं तर तो ०.६ व्होल्ट ऑप-अँपच्या गेनने भागला जातो. गेन एक लाख असेल तर उरतात ६ मायक्रोव्होल्ट. हे वाक्य पुस्तकात वाचलं तेव्हा विषय संपला असं वाटलं होतं. पुढचे तीन महिने त्याच वाक्याने घोळ घातला.

पहिला प्रयत्न एक ऑप-अँप आणि एक डायोड एवढ्याचाच होता. तो फार टिकला नाही. लाटेच्या ज्या अर्ध्या भागात डायोड बंद असतो, तेव्हा फीडबॅक तुटतो आणि ऑप-अँप थेट सप्लायच्या टोकाला जाऊन आपटतो. तिथून परत यायला त्याला वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढच्या लाटेची सुरुवात निसटते. ५० हर्ट्झसाठी ठीक आहे, ऑडिओसाठी नाही.

मग नेहमीचं दोन डायोडवालं सर्किट केलं. इन्व्हर्टिंग ऑप-अँप आणि दोन १एन४१४८. एक डायोड अर्धी लाट पुढे पाठवतो. दुसरा उरलेल्या अर्ध्या वेळात ऑप-अँपला ०.६ व्होल्टवर धरून ठेवतो, त्यामुळे तो टोकाला जात नाही. पुढे दुसरा ऑप-अँप बेरीज करतो: मूळ सिग्नल १० किलोओहममधून, अर्धी लाट ५ किलोओहममधून, म्हणजे दुप्पट वजनाने. अर्धी लाट उलटी असल्यामुळे बेरजेत दोन्ही बाजूच्या टेकड्या एकाच दिशेला येतात. ५ किलोओहम म्हणजे दोन १० किलोओहम समांतर, एकाच पट्टीतले १ टक्क्याचे मेटल फिल्म. बेरजेच्या फीडबॅकमध्ये १० किलोओहमला १.१ किलोओहमची शेपटी जोडली, म्हणजे सरासरीला १.११ ने गुणलं जातं आणि साइन लाटेसाठी आकडा सरळ आरएमएसमध्ये येतो. त्याच फीडबॅकवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला, तो टेकड्या सपाट करून डीसी देतो. दोन्ही ऑप-अँप एकाच टीएल०७२ मध्ये, सप्लाय प्लस-मायनस १२ व्होल्ट.

ऑफसेटचा त्रास पहिल्याच दिवशी दिसला. इनपुट ग्राउंड केलं तरी मीटरवर काही मिलिव्होल्ट. टीएल०७२ चा ऑफसेट साधारण ३ मिलिव्होल्ट असतो आणि वाईट नग १० पर्यंत जाऊ शकतो, तेव्हा यात नवल काही नाही. दुसऱ्या ऑप-अँपला एक प्रीसेट लावून शून्य जुळवलं. इथे एक गोष्ट उपयोगी पडली. कपॅसिटरचा एक पाय उचलून स्कोपवर बघितलं तर शेजारशेजारच्या टेकड्या एक उंच, एक बुटकी अशा दिसत होत्या. याला दोन कारणं असू शकतात: ऑफसेट किंवा न जुळणारे रेझिस्टर. ओळखायचं असं की सिग्नल दुप्पट करा. उंचीतला फरक तेवढाच राहिला तर ऑफसेट, तोही दुप्पट झाला तर रेझिस्टर. माझ्याकडे तो राहिला तेवढाच.

आता मुख्य गोष्ट. १० मिलिव्होल्ट पीक दिलं की मीटरवर ७.१ यायला हवेत. १ किलोहर्ट्झला साधारण ६.९ येत होते. हे मी रेझिस्टरच्या खात्यात टाकलं. १० किलोहर्ट्झला ४.९. म्हणजे जवळजवळ ३ डीबी खाली. मी वहीत लिहिलं, "प्रीअँपची वरची मर्यादा १० किलोहर्ट्झ", आणि प्रीअँपच्या मागे लागलो. इनपुटचा कपॅसिटर बदलला, फीडबॅकमधला पिकोफॅरडचा काढला, शिल्डेड वायर आखूड केली. आकडा हलेना. ३ डीबी हा आकडाच असा की तो एखाद्या साध्या आरसी फिल्टरसारखा वाटतो, आणि माणूस तो फिल्टर शोधत बसतो.

रेक्टिफायरवर संशय न यायला एक चांगलं कारण होतं. ऑप-अँपला एका डायोडवरून दुसऱ्यावर जाताना उणे ०.६ पासून अधिक ०.६ पर्यंत, म्हणजे १.२ व्होल्टची उडी मारावी लागते. टीएल०७२ चा स्लू रेट १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. म्हणजे उडीला लागला एका मायक्रोसेकंदाचा दहावा हिस्सा. १० किलोहर्ट्झच्या अर्ध्या लाटेला ५० मायक्रोसेकंद असतात. मग इथे चूक कशी असेल?

एक मित्र घरी आला होता. वही बघून म्हणाला, "प्रीअँप सोड. जनरेटरच थेट लाव की याला." लावला. १० मिलिव्होल्ट, १० किलोहर्ट्झ, मधे काहीच नाही. ४.९. दीड महिना मी ज्याची दुरुस्ती करत होतो तो बिचारा प्रीअँप पहिल्यापासून धडधाकट होता.

मग स्कोपचा एक प्रोब पहिल्या ऑप-अँपच्या पायावर, दुसरा इनपुटवर. १ व्होल्टच्या सिग्नलला ती १.२ व्होल्टची उडी छान उभी दिसते. १० मिलिव्होल्टला उडी नाहीच, तिथे एक आळसावलेला उतार आहे आणि त्याला वीस-पंचवीस मायक्रोसेकंद लागतात. निम्मी अर्धी लाट ऑप-अँप एका डायोडवरून दुसऱ्यापर्यंत चालत जाण्यातच घालवतो.

कारण असं. स्लू रेट हा ऑप-अँपचा पूर्ण जोर लावल्यावरचा वेग आहे. तो मिळायला दोन इनपुट पायांमध्ये बऱ्यापैकी फरक लागतो. दोन्ही डायोड बंद असताना ऑप-अँपला ढकलणारा फरक म्हणजे सिग्नल स्वतःच, आणि शून्याजवळ तो मिलिव्होल्टभर असतो. तेवढ्यावर ऑप-अँप किती वेगाने हलेल हे त्याच्या गेन-बँडविड्थवर ठरतं, स्लू रेटवर नाही. टीएल०७२ ची गेन-बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ. म्हणजे १० किलोहर्ट्झला त्याच्याकडे एक लाख गेन नसतोच, असतो फक्त ३००. आता पुस्तकातलं तेच वाक्य पुन्हा करा: ०.६ भागिले ३००, म्हणजे २ मिलिव्होल्ट. डायोडचा ड्रॉप परत आला, फक्त छोटा होऊन. १ व्होल्टच्या सिग्नलला २ मिलिव्होल्ट कोण विचारतो, पण १० मध्ये २ गेले तर पाचवा हिस्सा गेला.

प्रत्यक्षात तूट पाचव्या हिश्श्याहूनही जास्त होती, आणि त्याचंही उत्तर स्कोपवरच मिळालं. दोन्ही डायोड बंद असतात त्या वेळात इनपुट रेझिस्टरांच्या साखळीतून चोरवाटेने पुढे सरकतं आणि बेरजेत मूळ सिग्नल एकटाच राहतो. त्यामुळे एकाआड एक टेकडीच्या सुरुवातीला आउटपुट शून्याच्या खाली एक खाच मारतं. कपॅसिटर लावलेला असेल तर ही खाच दिसत नाही, ती गुपचूप सरासरीतून वजा होते. म्हणून असं सर्किट तपासायचं तर कपॅसिटर उचलूनच तपासा. मीटरवरचा स्थिर आकडा बघून समाधान मानलं तर काहीच कळत नाही.

उपाय म्हणून आधी डायोड बदलून पाहिले. शॉट्कीचा ड्रॉप निम्मा, म्हणजे उडीही निम्मी. हाताशी १एन५८१९ होते, ते लावले. तूट थोडी कमी झाली, पण शून्य तापमानाबरोबर सरकायला लागलं. हा डायोड पॉवर सप्लायसाठीचा. उलट्या दिशेला त्यातून गळणारा एक मायक्रोअँपियरसुद्धा किलोओहमच्या रेझिस्टरांवर काही मिलिव्होल्ट उभे करतो. काढून टाकले, परत १एन४१४८.

खरा उपाय डायोडच्या आधी निघाला: रेक्टिफायरच्या आधी २० पटीचा एक टप्पा. त्यासाठी आणखी एक टीएल०७२, नॉन-इन्व्हर्टिंग, आणि त्याच्या आउटपुटवर १० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर, म्हणजे त्याचा ऑफसेट विसाने गुणून पुढे जात नाही. रेक्टिफायरचं इनपुट साधारण ५ किलोओहमचं असल्यामुळे हा कपॅसिटर ३ हर्ट्झच्या आसपास कापतो, २० हर्ट्झला त्रास नाही. २० गेनला या टप्प्याची बँडविड्थ १५० किलोहर्ट्झ उरते, तीही पुरेशी. आता रेक्टिफायरला १० ऐवजी २०० मिलिव्होल्ट दिसतात. चालत जायचं अंतर तेच १.२ व्होल्ट, पण ढकलणारा हात वीसपट. १ किलोहर्ट्झला १४१, १० किलोहर्ट्झला १३९. ३ डीबीची तूट ०.१५ डीबीच्या आत आली, आणि ३ मिलिव्होल्टच्या ऑफसेटचंही महत्त्व आपोआप विसाव्या भागावर आलं.

गेल्या चार महिन्यांत याच रूपात वापरतोय. प्रीसेटला हात लावावा लागला तो एकदाच, पेटी बंद केल्यावर आत थोडं तापलं तेव्हा. कुरकुरी दोन आहेत. एक, हे सरासरी मोजतं, आरएमएस नाही. साइन लाटेला १.११ चा गुणक बरोबर, पण नुसता नॉइज मोजला की आकडा सुमारे ११ टक्के कमी येतो, तो मी वहीत हाताने वाढवतो. दुसरी, २० पटीमुळे अर्ध्या व्होल्ट पीकच्या वर सिग्नल दिला की पहिला टप्पा सप्लायला टेकतो आणि आकडा वाढायचा थांबतो. म्हणून एक पट आणि वीस पट असं बटण बसवलं. ते कुठल्या बाजूला आहे हे न बघता वाचन घेण्याची चूक मी अजूनही करतो, परवाच केली.