कॅमेऱ्याचा डिजिटल आरसा: पावसाळ्यापासून उसाच्या हंगामापर्यंत वापरल्यावर

माझा साड्यांचा धंदा आहे. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरचा माल घेऊन संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर अशा फेऱ्या असतात. मागची सीट पाडून गठ्ठे भरले की आतल्या आरशात गठ्ठ्यांपलीकडचं काही दिसत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर कॅमेऱ्यावर चालणारा आरसा बसवून घेतला. मूळ आरशावर रबरी पट्ट्यांनी अडकवायचा प्रकार आहे आणि कॅमेरा मागे नंबरप्लेटच्या वर लावलाय. आता उसाचा हंगाम संपत आलाय. मागचं दिसण्याचा प्रश्न मात्र पुरता सुटला. गाडी छतापर्यंत भरलेली असली तरी पाठीमागे चिकटून येणारी मोटारसायकल स्पष्ट दिसते.

त्रास झाला तो डोळ्यांना. सुरुवातीला निपाणीहून परत येताना वंटमुरी घाट येईपर्यंत डोळे चुरचुरायचे आणि भुवयांच्या वर जड व्हायचं. विकणारा याबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

साधा आरसा डोळ्यांपासून दीड-दोन फुटांवर असतो, पण त्यात बघताना आपण काचेकडे बघत नसतो. मागे 30 मीटरवर ट्रक असेल तर डोळा 30 मीटरवरचीच वस्तू बघत असतो. समोरचा रस्ताही लांबचाच. त्यामुळे रस्ता, आरसा, परत रस्ता असं कितीही वेळा केलं तरी डोळ्याच्या भिंगाला आकार बदलावा लागत नाही. डिजिटल आरशात ट्रक पडद्यावर असतो आणि पडदा 60 सेंटीमीटरवर. दर नजरेला डोळ्याला लांबून जवळ यायचं, आणि मग पुन्हा लांब जायचं. चष्म्याचा नंबर ज्या डायॉप्टरमध्ये मोजतात त्याच मापात सांगायचं तर 60 सेंटीमीटरवर बघायला डोळ्याला साधारण 1.7 डायॉप्टरचा जोर लावावा लागतो. विशीतल्या पोराकडे असा जोर 10 डायॉप्टरच्या आसपास असतो, त्याला काही जाणवत नाही. पन्नाशीला तो 2 च्या आसपास उरतो, म्हणजे जवळजवळ सगळाच पणाला लागतो. शिवाय वयाबरोबर हा बदल व्हायला वेळही जास्त लागतो. माझा मुलगा तीच गाडी गोव्यापर्यंत घेऊन जातो आणि त्याची काही तक्रार नसते, ती याचमुळे.

चष्मा लांब-जवळ दोन्हीचा असेल तर आणखी एक अडचण येते. खडेबाजारातल्या चष्मेवाल्याने नंबर तपासला आणि म्हणाला, “काका, नंबर काही वाढलेला नाही. जवळचा भाग तुमच्या काचेत खाली आहे, आणि आरसा आहे वर. तुम्ही जवळची वस्तू लांबच्या काचेतनं बघताय.” मी गाडीत बसून बघितलं, तर तसंच होतं. हनुवटी वर केली की पडदा स्वच्छ, सरळ बसलं की धूसर. मान आखडते ती या हनुवटी उचलण्यानं. वरच्या बाजूलाही जवळचा नंबर घालून घ्यावा असं वाटेल, पण त्याच भागातून रस्ता बघायचा असतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये.

आता फोकसबद्दल. या कॅमेऱ्यांचं भिंग कारखान्यातच एका जागी पक्कं केलेलं असतं. मेन्यूत फोकस नावाचं काही शोधू नका, सापडणार नाही. पडद्यावर बोट वर-खाली सरकवलं की दृश्य वर-खाली होतं, तेवढंच. चित्र धूसर वाटलं तर दोष कॅमेऱ्याचा की आपल्या डोळ्याचा, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडी उभी करा, नेहमीसारखे सरळ बसा आणि पडद्यावर मेन्यू उघडा. मेन्यूची अक्षरं पडद्यावरच उमटतात, कॅमेऱ्यातून येत नाहीत. अक्षरं कोरीव आणि मागचं चित्र धूसर, तर कॅमेरा बघा: वरची पातळ फिल्म काढायची राहिलीय, बोटांचे ठसे आहेत, चिखल आहे, नाहीतर आत ओल धरलीय. अक्षरंच फिसकटलेली दिसली तर डोळे तपासून घ्या.

खरी सुधारणा झाली ती उजेडाच्या सेटिंगने. बसवणाऱ्याने दिवसा दुकानासमोर सगळं पूर्ण वर ठेवून दिलं होतं. दिवसा ते बरोबरच आहे, उन्हात मंद पडदा वाचताना डोळे ताणतात. रात्री मात्र तोच पडदा अंधारात दिव्यासारखा पेटतो. हंगामात आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा नसताना चालतात. उजळ पडद्यावरून नजर रस्त्यावर आली की क्षणभर पुढचं काळं दिसतं, आणि ट्रॉली नेमकी त्या काळ्यात असते.

मी असं करतो: काकतीच्या पुढे रस्त्याकडेला सुरक्षित जागी थांबतो, हेडलाइट चालू ठेवतो आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही मिनिटं जाऊ देतो. मग `Brightness` एकेक पायरी खाली आणतो. पडद्यातला अंधार बाहेरच्या अंधाराइतकाच काळा दिसायला लागला की एक पायरी वर घ्यायची आणि तिथं थांबायचं. नजर पडद्यावरून रस्त्यावर नेल्यावर कडेचे दगड लगेच दिसले पाहिजेत. आपोआप उजेड बदलण्याची सोय माझ्याही आरशात आहे, पण मागून हेडलाइट पडला की ती गोंधळते, म्हणून रात्री मी ती बंद ठेवतो.

`EV` नावाचं दुसरं सेटिंग वेगळं. ते पडद्याचा उजेड बदलत नाही, कॅमेरा किती प्रकाश घेतो ते बदलतं. मागच्या लॉरीचे दिवे फुटून पांढरे गोळे होत असतील तर मागच्या कॅमेऱ्याचं `EV` एक पायरी खाली घ्या. जास्त खाली नेलं तर दिवा नसलेली सायकल दिसायची बंद होते. शहरात रस्त्यावरच्या दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर दिव्यांची वारंवारता `50Hz` करा, आपल्याकडची वीज तीच आहे. एलईडी हेडलाइट लुकलुकताना दिसतात, ते मात्र यानं जात नाही. ते दिवे सेकंदाला अनेकदा चालू-बंद होतात आणि कॅमेऱ्याला तेवढं दिसतं. लुकलुकताना दिसलेला दिवा इंडिकेटर आहे असं समजू नका.

दिवसा आणखी एक गोष्ट डोळे थकवते. या आरशाची काच अर्धी आरसाच असते. मागच्या खिडकीतलं ऊन तिच्यात उमटतं आणि पडद्यावरच्या चित्रावर दुसरं चित्र चढतं. एक जवळचं, एक लांबचं. कोणतं पकडावं ते डोळ्याला कळत नाही. यावर उपाय म्हणजे आरसा थोडा वर झुकवायचा, म्हणजे काचेत मागच्या खिडकीऐवजी गाडीचं छत येतं. माझं छत फिकट रंगाचं आहे, म्हणून तेवढ्या जागी काळं फेल्ट चिकटवलं. लगेच फरक पडला.

पावसात खानापूरच्या पुढे, कणकुंबीकडे, लाल चिखल कॅमेऱ्यावर बसतो आणि अर्ध्या तासात चित्र मळकट होतं. पाणी न धरणारं द्रावण लावलं होतं, ते काही आठवडेच टिकलं. आता दाराच्या कप्प्यात सुती फडका असतो.

अंतराचा अंदाज पडद्यावरून घेऊ नये. रुंद कोनाच्या भिंगातून मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, आणि डोकं हलवलं तरी चित्र बदलत नाही. लेन बदलताना बाजूचा आरसा बघतोच. माल उतरवून रिकामी गाडी परत आणताना पडदा बटणाने बंद करतो. काच पुन्हा साधा आरसा होते, जरा काळपट दिसते एवढंच, पण बेळगावात पोहोचेपर्यंत डोळे ताजे राहतात.