ईआरपीतला साठा ऑनलाइन स्टोअरवर: ठरलेल्या वेळेचा बॅच की इव्हेंट?

ईआरपीतला साठ्याचा आकडा ऑनलाइन स्टोअरवर कसा न्यायचा, हा विषय निघाला की गाडी लगेच 'रिअल टाइमच हवं' इथे येऊन थांबते. त्याआधी एवढंच विचारावं: आकडा जास्तीत जास्त किती शिळा चालेल? बॅचमध्ये, म्हणजे साठलेले बदल ठरलेल्या वेळी एकदम नेले तर, याचं उत्तर आधीच मांडता येतं. इव्हेंटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा संदेश लगेच पाठवला तर, आकडा बहुतेक वेळा काही सेकंदांचाच असतो, पण तो कमाल किती शिळा होईल याची हमी नसते. माझ्या मते निवड याच फरकावर करावी.

समजा जॉब दर 30 मिनिटांनी सुरू होतो आणि पूर्ण व्हायला 6 मिनिटं घेतो. 10:00 वाजता वाचलेला आकडा 10:06 ला स्टोअरवर पोचतो आणि पुढचा येईपर्यंत, म्हणजे 10:36 पर्यंत, तोच दिसत राहतो. म्हणून शिळेपणाची कमाल मर्यादा 36 मिनिटं. लोक सर्रास 30 म्हणतात. गर्दीच्या वेळी बाकीच्या चॅनलवर दर दोन मिनिटांना एक नग जात असेल, तर त्या 36 मिनिटांत 18 नग जातात. साठा 40 असताना स्टोअरवर 22 दाखवले, की नसलेला माल विकला जाणार नाही. असे 18 नग अडवून ठेवणं परवडत असेल, तर इव्हेंटच्या खटाटोपात पडायचं कारण नाही. माल संथ विकला जात असेल तर ते सहज परवडतं.

बॅचचा खरा धोका वेगळाच आहे. जॉब 'मागच्या वेळेनंतर बदललेल्या' नोंदी उचलतो. एखाद्या नोंदीवर बदलाची वेळ 10:29:58 पडते, पण तिचा व्यवहार कमिट होतो 10:30:03 ला. 10:30:00 ला वाचणाऱ्या जॉबला ती दिसत नाही, आणि पुढचा जॉब 10:30:00 नंतरचंच मागतो. नोंद कायमची सुटते, लॉग मात्र हिरवागार. उपाय सोपा आहे: थोडं मागे जाऊन वाचायचं.

```sql
SELECT item_id, qty, changed_at
FROM stock
WHERE changed_at > :last_run - INTERVAL '5' MINUTE
```

यात काही नोंदी दोनदा येतील. स्टोअरच्या बाजूला नवा आकडा जुन्यात मिळवायचा नसून जुन्याच्या जागी ठेवायचा असेल, तर त्याने काही बिघडत नाही.

आता इव्हेंट. माल निघाल्याची नोंद ईआरपीत पडली की संदेश रांगेत जातो आणि पाठोपाठ स्टोअर अपडेट होतं. रोजच्या कामात हे सुरेख चालतं. पण कोणीतरी वर्षाअखेरच्या मोजणीनंतर 50,000 वस्तूंची दुरुस्ती एकदम पोस्ट करतं. स्टोअरची बाजू सेकंदाला 20 संदेश हाताळत असेल, तर रांग उपसायला 2,500 सेकंद, म्हणजे जवळपास 42 मिनिटं लागतात. मागून आलेली खरी विक्री तोवर रांगेच्या शेपटीला. त्या वेळी आकडा वरच्या बॅचपेक्षाही शिळा असतो आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. बॅच पडला तर निदान पडलेला दिसतो. म्हणून इव्हेंट घेतलात तर रांगेत किती संदेश आहेत यापेक्षा सगळ्यात जुना संदेश किती वेळ थांबलाय, त्यावर अलार्म लावा, आणि घाऊक दुरुस्त्यांना वेगळी रांग द्या.

दुसरी गोष्ट संदेशात काय असावं याची. '3 कमी करा' असं पाठवलं आणि तोच संदेश दोनदा पोचला, तर 6 कमी होतात; बहुतेक रांगा 'निदान एकदा तरी' पोचवण्याचीच हमी देतात. 'आता 35 आहेत' असं पाठवा, सोबत वाढता आवृत्ती क्रमांक द्या. मग उशिरा पोचलेला जुना 38 स्टोअरला ओळखून टाकून देता येतो.

दोन्ही मार्ग वाटतात तितके परके नाहीत. सॅपमध्ये आयडॉक, म्हणजे बाहेरच्या प्रणालीला जाणारा सॅपचा संदेश, लगेच पाठवायचा की साठवायचा, हे `WE20` मधल्या पार्टनर प्रोफाइलवर ठरतं. साठवलेले आयडॉक `RSEOUT00` हा ठरावीक वेळी लावलेला प्रोग्राम पाठवतो. त्यामुळे आधी साठवून पाठवा आणि अडचण दिसली तर तेवढाच संदेश प्रकार 'लगेच' वर न्या, हे शक्य आहे.

आणि एक तपासणी दोन्हीच्या आधीची. गोदामात माल सकाळी निघतो आणि ईआरपीत नोंद शिफ्ट संपल्यावर पडते, असं असेल तर इव्हेंटही चार-सहा तास उशिरानेच सुटेल. तिथे आधी नोंदीची वेळ सुधारा.

झपाट्याने खपणाऱ्या, थोडा साठा असलेल्या वस्तूंसाठी मी इव्हेंट घेईन. किंमतपत्रक आणि खातेवहीच्या नोंदींसाठी डोळे झाकून बॅच. इव्हेंट असला तरी रात्रीचा एक पूर्ण बॅच ठेवायचाच: दोन्हीकडचे आकडे ताडून फरक असलेल्या वस्तूंची यादी काढणारा. यादी रोज दोन-चार ओळींची असेल तर ठीक. ती वाढत गेली, तर रांगेत कुठेतरी संदेश गळतायत.